गाळा आपला, ब्रँड त्यांचा: फ्रँचायझीचे ईमेल कसे वाचावे

चहा, वडापाव, मिसळ किंवा सँडविच विकणारा एखादा लहान ब्रँड दोन-तीन दुकानांपर्यंत स्वतःच्या पैशावर वाढतो आणि मग अडतो. रहदारीच्या रस्त्यावरच्या गाळ्याची अनामत, दरमहा भाडे, भट्टी, फ्रीज, फर्निचर या सगळ्यात भांडवल अडकून बसते. पुढची वाढ करायची तर दुसऱ्याच्या भांडवलावर करावी लागते. मुंबईत 2001 साली मालाडमध्ये सुरू झालेला जम्बोकिंग आणि 2004 साली कल्याणमध्ये सुरू झालेला गोली वडापाव हे दोन्ही ब्रँड फ्रँचायझीच्याच वाटेने पसरले. त्यांच्या मागोमाग गेल्या काही वर्षांत शेकडो लहान ब्रँड याच वाटेवर आले आहेत. दुकान चालवू इच्छिणारा माणूस शोधण्यापेक्षा, ज्याच्या मालकीचा गाळा आधीच आहे त्या माणसाला थेट ईमेल पाठवणे त्यांना सोपे वाटते.

हे ईमेल गाळेमालकापर्यंत पोहोचण्याचा मार्ग साधा आहे. गाळा भाड्याने देण्याची जाहिरात मालमत्तेच्या एखाद्या संकेतस्थळावर टाकली की क्षेत्रफळ, दर्शनी रुंदी, मागितलेले भाडे आणि संपर्क हे सगळे एकत्र मिळते. ब्रँडचा विक्री प्रतिनिधी किंवा त्याने नेमलेला दलाल अशा जाहिराती चाळतो. तळमजला, रस्त्याला लागून, 150 ते 400 चौरस फूट, शाळा-कॉलेज, बसस्थानक किंवा दवाखान्याजवळ अशी जागा दिसली की त्या मालकाचे नाव यादीत जाते. अनेकदा गाळा दोन-चार महिने रिकामा असतो, मालक थोडा अस्वस्थ असतो, आणि नेमक्या त्याच वेळी ईमेल येतो.

मजकूर बहुधा ठरलेल्या क्रमाने येतो. सुरुवातीला ‘आपल्या जागेची आमच्या टीमने प्राथमिक निवड केली आहे’ असे वाक्य. मग ब्रँडची ओळख, दुकानांची संख्या, काही छायाचित्रे. त्यानंतर एकूण गुंतवणूक, दरमहा अपेक्षित विक्री, नफा आणि ‘गुंतवणूक 15 महिन्यांत परत’ असा आकडा. शेवटी, आपल्या भागासाठी एकच जागा शिल्लक आहे आणि सात दिवसांत टोकन भरल्यास फीमध्ये सवलत मिळेल, असे सांगितलेले असते. सोबत आठ-दहा पानांची पीडीएफ. यातली सगळी विधाने खोटी असतात असे मुळीच नाही. प्रामाणिक ब्रँडही जवळपास याच साच्यात लिहितात. म्हणून भाषेवरून फारसे कळत नाही. वाचायचा असतो तो नफ्याचा तक्ता, आणि त्यात सर्वांत आधी शोधायची असते ती एकच ओळ: भाडे.

शून्य भाड्याचा तक्ता

गाळेमालकाला पाठवलेल्या तक्त्यात भाड्यासमोर बहुतेक वेळा ‘शून्य, स्वतःची जागा’ असे लिहिलेले असते. कागदावर ते बरोबर दिसते, कारण मालक कोणालाच भाडे देणार नसतो. पण तोच गाळा दुसऱ्याला दिला असता तर जे भाडे आले असते ते फ्रँचायझी घेतल्यावर येणार नसते. म्हणजे तो खर्चच आहे, फक्त खिशातून बाहेर जाताना दिसत नाही. हा खर्च तक्त्यातून गाळला की जो धंदा भाड्याच्या जागेत तोट्यात गेला असता तोही नफ्यात दिसू लागतो. गाळेमालकालाच का लिहिले जाते, याचे अर्धे उत्तर इथे आहे.

एक काल्पनिक उदाहरण पूर्ण सोडवून पाहू. साताऱ्यासारख्या शहरात 250 चौरस फुटांचा रस्त्यालगतचा गाळा आहे आणि त्याला महिना 25,000 रुपये भाडे सहज मिळते. वडापाव, मिसळ आणि चहा विकणाऱ्या एका लहान ब्रँडचा ईमेल त्याच्या मालकाला येतो. फ्रँचायझी फी 3 लाख, इंटिरियर व उपकरणे 7 लाख, एकूण गुंतवणूक 10 लाख. रोजची विक्री 10,000 रुपये, म्हणजे महिन्याला 3 लाख. कच्चा माल 45 टक्के, म्हणजे 1,35,000. चार कामगारांचा पगार 60,000. वीज, गॅस, पाणी 20,000. रॉयल्टी 6 टक्के, म्हणजे 18,000. भाडे शून्य. उरलेला नफा 67,000 रुपये. दहा लाखांना 67,000 ने भागले की साधारण 15 महिने येतात. बेरीज-वजाबाकीत कुठेही चूक नाही.

आता सुटलेल्या ओळी भरायच्या. भाड्याचे 25,000 वजा केले की 67,000 चे 42,000 होतात. पुढची ओळ जीएसटीची. साध्या रेस्टॉरंटला 5 टक्के जीएसटी लागतो. अशा दुकानांत फलकावरची किंमत सहसा करासह असते, त्यामुळे 3 लाखांच्या गल्ल्यातून सुमारे 14,300 रुपये सरकारचे असतात. ते वजा करून 27,700 उरतात. मग करारात एक कलम सापडते: विक्रीच्या 2 टक्के जाहिरात निधी. हे 6,000 रुपये ईमेलमध्ये नव्हते. शिवाय रॉयल्टी आणि जाहिरात निधी या दोन्हींवर ब्रँड 18 टक्के जीएसटी लावतो. 24,000 वर तो 4,320 होतो. शेवटी हातात राहतात 17,400 रुपयांच्या आसपास.

या 18 टक्क्यांबद्दल थोडे थांबणे गरजेचे आहे, कारण ब्रँडचे प्रतिनिधी इथे हमखास ‘जीएसटी तर परत मिळतो’ असे सांगतात. बऱ्याच व्यवसायांत खरेदीवर भरलेला कर विक्रीवरच्या करातून वजा करून घेता येतो, हे खरे. मात्र रेस्टॉरंटचा 5 टक्क्यांचा सवलतीचा दर याच अटीवर मिळतो की ही वजावट घ्यायची नाही. त्यामुळे फ्रँचायझी फी, रॉयल्टी, इंटिरियर, उपकरणे यांवरचा कर हा दुकानदाराच्या माथी कायमचा बसतो. वरच्या उदाहरणात 10 लाखांवर 18 टक्क्यांनी 1,80,000 रुपये वाढतात. पीडीएफच्या तळाशी बारीक अक्षरात ‘कर अतिरिक्त’ असे लिहिलेले असते ते हेच. पहिल्या महिन्याचा माल, पगार आणि सुटे पैसे यांसाठी 1 लाख धरले तर खरी गुंतवणूक 12,80,000 होते. तिला 17,400 ने भागले की 73 महिन्यांहून जास्त, म्हणजे सहा वर्षांच्या थोडे पुढे उत्तर येते. फ्रँचायझीचा करार मात्र अनेकदा पाचच वर्षांचा असतो, आणि नूतनीकरणाला पुन्हा फी लागते. ईमेलमध्ये 15 महिन्यांत परत येणारे पैसे करार संपेपर्यंतही परत आलेले नसतात.

हे सगळे रोजची विक्री खरोखरच 10,000 झाली तर. एका गिऱ्हाइकाचे बिल सरासरी 60 रुपये धरले तर त्यासाठी रोज 167 बिले फाटली पाहिजेत, पावसाळ्यातल्या मंगळवारी आणि मे महिन्याच्या सुट्टीतही. विक्री 8,000 वर आली, तर महिन्याचा गल्ला 2,40,000 होतो. कच्चा माल, रॉयल्टी आणि कर विक्रीबरोबर कमी होतात. पगार, वीज आणि भाडे मात्र तेवढेच राहतात. त्याच पद्धतीने हिशेब केला की महिन्याला सुमारे 7,000 रुपये तोटा येतो. विक्रीत पाचव्या हिश्शाची घट झाली आणि 17,400 चा नफा नाहीसा होऊन वर तोटा आला.

गाळेमालकाचा घात होतो तो इथे. त्याने भाडे कोणाला दिलेले नसते, म्हणून 7,000 चा तोटा त्याला दिसतच नाही. महिनाअखेर त्याच्या हातात 18,000 रुपये रोख उरतात. दुकान चालले आहे, थोडे कमी चालले आहे इतकेच, असे त्याला वाटते. वस्तुतः 12 लाख 80 हजार गुंतवून, सकाळ-संध्याकाळ दुकानात उभे राहून तो स्वतःच्याच गाळ्याच्या भाड्यापेक्षा कमी मिळवत असतो. भाड्याच्या जागेतला दुकानदार सहा महिन्यांत शटर ओढतो. मालकीच्या जागेतले दुकान तीन-चार वर्षे रेंगाळते, आणि तितकी वर्षे ब्रँडला रॉयल्टी मिळत राहते.

ब्रँडचे पैसे कुठून येतात

तक्ता दुरुस्त झाल्यावर दुसरा प्रश्न विचारायचा तो ब्रँडच्या कमाईचा. रॉयल्टी घेणाऱ्या ब्रँडचे उत्पन्न दुकानाच्या विक्रीवर अवलंबून असते, त्यामुळे दुकान चालावे यात त्याचेही हित असते. ‘झिरो रॉयल्टी’ असे ठळक अक्षरांत सांगणारे ईमेल आकर्षक वाटतात. पण तो ब्रँड धर्मादाय संस्था नसतो. तो मसाला, चहाचे प्रीमिक्स, गोठवलेले वडे, छापील कप आणि पिशव्या आपल्याकडूनच घ्यायला लावतो आणि नफा त्यात ठेवतो. यात गैर काही नाही, चवीतला सारखेपणा राखायला ते गरजेचेही असते. मात्र अशा वेळी मालाचे दरपत्रक हाच खरा करार ठरतो. बाजारात 300 रुपये किलोने मिळणारा मसाला ब्रँड 480 ने देत असेल, तर तो फरक म्हणजेच रॉयल्टी. दर किती आणि कोणत्या कारणाने वाढवता येतील, हे करारात लिहिलेले नसेल तर 45 टक्के कच्च्या मालाचा आकडा वर्षभरात 52 टक्के होऊ शकतो, आणि वरच्या उदाहरणात तेवढ्याने 10,000 च्या विक्रीवरचा नफाही संपतो.

तिसरी कमाई असते नव्या फ्रँचायझींच्या फीची. ब्रँडचे बहुतेक उत्पन्न याच फीमधून येत असेल, तर त्याचा खरा धंदा वडापाव विकण्याचा नसून फ्रँचायझी विकण्याचा आहे, असेच म्हणावे लागेल. अशा ब्रँडला जुने दुकान चालण्यापेक्षा नवे दुकान उघडण्याची घाई असते. हे ओळखण्यासाठी ब्रँडचा लेखापरीक्षित ताळेबंद मागावा आणि फीचे उत्पन्न व रॉयल्टी किंवा मालविक्रीचे उत्पन्न वेगळे पाहावे. लहान ब्रँड ताळेबंद द्यायला कचरतात. तेव्हा निदान गेल्या दोन वर्षांत उघडलेल्या आणि बंद झालेल्या दुकानांची यादी मागावी.

ईमेलमध्ये ‘फोफो’ आणि ‘फोको’ असे दोन शब्दही असतात. फोफोमध्ये गाळेमालक पैसे घालतो आणि दुकानही तोच चालवतो. फोकोमध्ये पैसे आणि गाळा मालकाचा, पण माणसे नेमणे आणि दुकान चालवणे कंपनीकडे. मालकाला विक्रीचा ठरावीक हिस्सा किंवा दरमहा किमान हमी रक्कम. नोकरी करणाऱ्या किंवा परगावी राहणाऱ्या गाळेमालकाला फोको सोयीचे वाटते. पण हमीची रक्कम दुकानाच्या नफ्यातून दिली जाते की नव्याने आलेल्या फीमधून, हे त्याला बाहेरून कळत नाही. रोजची विक्री ज्या बिलिंग यंत्रावर नोंदते त्याचे लॉगिन मालकाला मिळणार नसेल, तर फोकोमध्ये त्याच्या हातात फक्त एक आश्वासन असते. हमी देणाऱ्या लहान कंपनीचे भरणा झालेले भांडवल एक-दोन लाखांचे असेल, तर त्या हमीमागे उभे काय आहे, हा प्रश्न उघडच पडतो.

घरबसल्या करता येणारी तपासणी

भारतात फ्रँचायझीसाठी स्वतंत्र कायदा नाही. अमेरिकेत फ्रँचायझी देणाऱ्याला 23 मुद्द्यांचा माहितीपट करारावर सही होण्याच्या किंवा पैसे घेण्याच्या किमान 14 दिवस आधी द्यावा लागतो, आणि त्यात चालू व बाहेर पडलेल्या फ्रँचायझीधारकांची यादीही असते. आपल्याकडे असे बंधन नसल्याने हा व्यवहार मुख्यतः 1872 च्या भारतीय करार कायद्यावर आणि 1999 च्या ट्रेडमार्क कायद्यावर चालतो. माहिती मागणे ही घेणाऱ्याचीच जबाबदारी ठरते. सुदैवाने बरीच माहिती सरकारी संकेतस्थळांवर फुकट पाहता येते.

पहिली तपासणी नावाची. फ्रँचायझीमध्ये जे विकत घेतले जाते ते मुख्यतः नाव आणि त्या नावाची पत. ते नाव ब्रँडच्या मालकीचे आहे का, हे ट्रेडमार्क नोंदणीच्या संकेतस्थळावर शोधता येते. उपाहारगृहाच्या सेवेसाठी 43 वा वर्ग, चहा व पाव-मसाल्याच्या पदार्थांसाठी 30 वा वर्ग पाहावा. स्थिती Registered दिसत असेल तर उत्तम. ती नोंदणी 10 वर्षे टिकते आणि पुढे नूतनीकरण करता येते. Objected किंवा Opposed असेल तर नावावर हरकत आहे. अर्ज नुसता दाखल केला तरी नावाशेजारी ‘टीएम’ ही अक्षरे लावता येतात, म्हणून पीडीएफवरची ती दोन अक्षरे मालकीचा पुरावा ठरत नाहीत. वर्तुळातला ‘आर’ मात्र नोंदणी झाल्यावरच लावायचा असतो. नोंदणी कंपनीच्या नावावर आहे की एखाद्या भागीदाराच्या वैयक्तिक नावावर, हेही बघावे. भागीदार भांडले की दुकानाच्या पाटीवरचे नाव कोर्टात जाते.

दुसरी तपासणी माणसाची. gst.gov.in वर ब्रँडचा 15 अंकी-अक्षरी जीएसटी क्रमांक टाकला की कायदेशीर नाव, नोंदणीची तारीख आणि विवरणपत्रे वेळेवर भरली जातात का, हे दिसते. पहिले दोन अंक राज्याचे असतात. महाराष्ट्राचे 27, गोव्याचे 30. ‘पुण्याचा 12 वर्षे जुना ब्रँड’ म्हणवणाऱ्याची नोंदणी दीड वर्षापूर्वीची आणि परराज्यातली निघाली, तर खुलासा मागावा. कंपनी असेल तर तिचे भरणा झालेले भांडवल आणि स्थापनेची तारीख mca.gov.in वर सापडते.

तिसरी तपासणी सर्वांत साधी आणि सर्वांत उपयोगी आहे. ब्रँडच्या दोन चालू दुकानांत, न सांगता, एकदा आठवड्याच्या मधल्या दिवशी आणि एकदा रविवारी जाऊन बसावे. तासाभरात किती बिले फाटली ते मोजावे. काही दुकानांत बिलावर दिवसाचा अनुक्रमांक छापलेला असतो. दुपारी चारला आणि रात्री नऊला एकेक चहा घेतला की मधल्या पाच तासांत किती गिऱ्हाइके झाली ते कळते. ब्रँडने स्वतःहून दिलेल्या नावांपेक्षा यादीतून आपण निवडलेल्या दुकानदाराशी बोलावे, आणि बंद झालेल्या निदान एका दुकानाच्या मालकाशी बोलावेच. संस्थापकाच्या स्वतःच्या पहिल्या दुकानाचे आकडे ‘नमुना’ म्हणून पाठवण्याची पद्धत आहे. ते दुकान वर्षानुवर्षे जम बसलेले असते, चांगल्या चौकात असते आणि गल्ल्यावर संस्थापक स्वतः बसलेला असतो. नव्या शहरातल्या नव्या दुकानाला ते लागू करता येत नाही.

ब्रँडच्या नावाचाच बनाव असेल, तर गोष्ट वेगळी होते. नामवंत ब्रँडच्या नावाने खोटी संकेतस्थळे काढून फ्रँचायझीच्या बहाण्याने पैसे उकळण्याचे प्रकार बरेच झाले आहेत. अमूलच्या नावाने चाललेल्या अशा संकेतस्थळांविरुद्ध 2020 साली दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागावी लागली. लहान ब्रँडच्या नावानेही हे होते, कारण त्यांचा अधिकृत पत्ता फारसा कोणाला माहीत नसतो. पाठवणाऱ्याच्या नावापुढचा पूर्ण ईमेल पत्ता उघडून पाहावा. ब्रँडच्या संकेतस्थळाचे नाव आणि पत्त्यातले नाव यांत एखादे अक्षर वा जोडरेघ जास्त असेल, तर ईमेलला उत्तर न देता दुकानाच्या पाटीवरच्या किंवा बिलावरच्या क्रमांकावर फोन करावा. पैसे भरायचे खाते जीएसटीवरच्या कायदेशीर नावाचेच असले पाहिजे. पैसे गेलेच तर 1930 या क्रमांकावर शक्य तितक्या लवकर तक्रार करावी. पहिल्या काही तासांत रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त असते.

जागा खरोखर योग्य आहे का

‘जागा मंजूर’ असे चोवीस तासांत कळवणारा ब्रँड जागा पाहत नाही, टोकन पाहतो. खाद्यपदार्थाच्या दुकानासाठी जागा पारखायला माणूस प्रत्यक्ष यावा लागतो. तो सकाळी आणि संध्याकाळी दारावरून जाणारी माणसे मोजतो, दुचाकी थांबायला जागा आहे का पाहतो, आणि मग आत येऊन नळ, गटार आणि छत पाहतो. तळणाच्या दुकानाला धूर वर नेणारी नळी लागते. गाळा सोसायटीच्या इमारतीत असेल तर ती नळी दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या खिडक्यांजवळून जाते आणि भांडण तिथूनच सुरू होते. म्हणून सोसायटीची लेखी संमती फी भरण्याआधी घ्यावी. सांडपाण्याची वाट, तेलकट पाणी अडवणारी टाकी, फ्रीज आणि ओव्हन चालवण्याइतका व्यावसायिक वीजभार, सिलिंडर ठेवण्याची हवेशीर जागा यांचा खर्च ईमेलमधल्या 7 लाखांत सहसा नसतो.

परवान्यांची बाजूही स्पष्ट असावी. अन्नसुरक्षेची नोंदणी किंवा परवाना प्रत्येक दुकानासाठी वेगळा काढावा लागतो आणि त्याचा 14 अंकी क्रमांक दर्शनी भागात लावावा लागतो. ब्रँडच्या मुख्य कार्यालयाचा क्रमांक फ्रँचायझी दुकानाला चालत नाही. फोफोमध्ये हा परवाना गाळेमालकाच्या नावावर असतो. याचा अर्थ, ब्रँडने पाठवलेला मसाला भेसळीचा निघाला तरी पहिली नोटीस दुकानदाराला येते. प्रत्येक मालाचे बिल जपून ठेवणे आणि सदोष मालाची भरपाई ब्रँड देईल असे कलम करारात घालून घेणे, हाच त्यावरचा बचाव.

करारात गाळेमालकाने जपायच्या गोष्टी भाडेकरू फ्रँचायझीधारकापेक्षा वेगळ्या असतात, कारण त्याची मालमत्ताच या व्यवहारात उतरलेली असते. करार संपल्यावर याच जागेत दोन किंवा तीन वर्षे कोणताही खाद्यव्यवसाय करू नये, असे कलम अनेक मसुद्यांत असते. धंदा करण्यावर बंदी घालणारा करार करार-कायद्याच्या 27 व्या कलमानुसार रद्दबातल ठरतो. करार चालू असतानाचे बंधन मात्र वैध मानले जाते, असे सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये गुजरात बॉटलिंग विरुद्ध कोका-कोला या फ्रँचायझीच्याच खटल्यात म्हटले. म्हणजे मुदतीनंतरची बंदी बहुधा टिकत नाही. पण नोटिसा आणि तारखा चालू असताना नवा भाडेकरू हॉटेलवाला त्या गाळ्याकडे फिरकत नाही. ते कलम सहीआधीच काढून टाकलेले बरे. तसेच ‘गरज पडल्यास ब्रँडला जागेचा ताबा घेता येईल’ असे वाक्य असेल तर ते वकिलाला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नये. बाकी तीन गोष्टी कागदावर आकड्यांत हव्यात: आपल्या दुकानापासून किती किलोमीटरमध्ये दुसरे दुकान उघडणार नाही, घरपोच ऑर्डरच्या ॲपवर कोणता भाग आपला, आणि मुदतीआधी बाहेर पडल्यास उपकरणे कोणाची व देणे किती.

उत्तर काय पाठवावे

सात दिवसांची मुदत आणि टोकन यांना उत्तर देण्याची घाई करू नये. करारापूर्वी मागितलेले टोकन बहुतेक वेळा ‘परत न मिळणारे’ असते, आणि कराराचा मसुदा ते भरल्यानंतरच दाखवला जातो. क्रम उलटा करून मागावा: आधी मसुदा, दरपत्रक, चालू व बंद दुकानांची यादी आणि भाडे धरून केलेला नफ्याचा तक्ता. प्रामाणिक ब्रँडला ही मागणी नवी नसते. ज्यांना आपली दुकाने टिकवायची आहेत ते संस्थापक स्वतःच विक्रीचा एक आकडा न देता कमी चालणाऱ्या आणि जास्त चालणाऱ्या दुकानांचे आकडे शेजारी शेजारी देतात, आणि कोणत्या जागेला नाही म्हटले तेही सांगतात. अशा ब्रँडबरोबर, भाडे वजा करूनही पैसे उरत असतील आणि दुकानात स्वतः किंवा घरचे कोणी उभे राहणार असेल, तर फ्रँचायझी घेण्यात तोटा नाही. चव, खरेदी, यंत्रांची निवड आणि कामगारांचे प्रशिक्षण यांत पहिल्या वर्षी होणाऱ्या चुका त्यामुळे वाचतात.

गाळेमालकाकडे मात्र दुसरा एक प्रस्ताव कायम असतो, जो इतर कोणाकडे नसतो. ब्रँडने हाच गाळा नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स कराराने स्वतः घ्यावा, आणि महिना 25,000 रुपये किंवा विक्रीच्या 10 टक्के यांपैकी जी रक्कम जास्त असेल ती द्यावी. ईमेलमधली 3 लाखांची विक्री झाली तर मालकाला एक रुपयाही न गुंतवता 30,000 मिळतील. न झाली तर भाडे तरी सुटणार नाही. जागेची आणि विक्रीची इतकी खात्री असलेल्या ब्रँडला हा सौदा परवडला पाहिजे. लहान ब्रँडकडे भांडवल नसते म्हणून तो नकार देईल, आणि ते कारण खरेही असू शकते. मग निदान फी हप्त्यांनी, विक्री ठरलेल्या पातळीला पोहोचल्यावर घेण्याची तयारी त्याने दाखवावी. दोन्हींना नकार आणि टोकनाची आठवण करून देणारा फोन, एवढेच उत्तर आले तर तो गाळा साध्या भाडेकरूला देणे जास्त फायद्याचे आहे.